‘शॅल’, ‘मस्ट’ की ‘मे’? करारातल्या क्रियापदांची झाडाझडती

पुण्या-मुंबईत भाड्याने राहणाऱ्या बहुतेकांच्या हातात कधी ना कधी लिव्ह अँड लायसन्सचा अकरा महिन्यांचा इंग्रजी करार पडतो. ‘स्टँडर्ड फॉरमॅट आहे, सगळे हाच वापरतात,’ असं म्हणून एजंट तो पाठवतो. आपण भाडं, डिपॉझिट, तारखा आणि नावाचं स्पेलिंग तपासतो आणि अंगठा लावून मोकळे होतो. आकडे बरोबर असले की करार बरोबर, असा आपला समज असतो. पण त्या आकड्यांचं नेमकं काय करायचं हे ठरवणारे शब्द वेगळेच असतात: ‘शॅल’, ‘मस्ट’ आणि ‘मे’.

असे मसुदे तपासताना एक वाक्य मला बऱ्याचदा भेटतं. मराठीत त्याचा आशय असा: जागा सोडताना थकबाकी वजा करून मालक डिपॉझिट परत करेल. इंग्रजीत मात्र लिहिलेलं असतं, ‘द लायसेन्सर मे रिफंड द डिपॉझिट’. म्हणजे मालकाला डिपॉझिट परत करण्याची मुभा आहे. वाटलं तर करा, नाही वाटलं तर राहू द्या. भांडण झालं तर न्यायालय हे वाक्य इतकं शब्दशः घेईलच असं नाही, कारण डिपॉझिट हे मुळातच परत करण्यासाठी ठेवलेले पैसे असतात आणि करार समग्र वाचला जातो. पण ते पटवून द्यायला भाडेकरूला न्यायालयाची पायरी चढावी लागेल, आणि तोवर लाखभर रुपये मालकाकडेच राहतील. तिथे ‘शॅल’ असतं तर वादाचा हा मुद्दाच उरला नसता.

मसुदा साफ करायला बसलं की प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारावा: यात सांगितलेली गोष्ट घडली नाही तर काय होईल? उत्तरं साधारण तीन मिळतात. कुणीतरी करार मोडला आणि भरपाई द्यायला बांधील झाला, तर ते कर्तव्य आहे. करार कुणी मोडला नाही, पण पुढचा हक्क मिळाला नाही, तर ती अट आहे. आणि काहीच बिघडलं नाही, तर ती मुभा आहे. माझ्या मते कर्तव्याला ‘शॅल’, अटीला ‘मस्ट’ आणि मुभेला ‘मे’ ही वाटणी सगळ्यांत सोयीची. ती सगळ्यांना मान्य नाही. त्याकडे नंतर येतो.

आधी ‘शॅल’, कारण सर्वांत जास्त गैरवापर त्याचाच होतो. वकिली इंग्रजीत ते मिठासारखं चिमटी-चिमटीने सगळीकडे टाकलेलं असतं. ‘हा करार 1 जूनपासून शॅल कमेन्स.’ ‘जागा या शब्दाचा अर्थ शॅल मीन अमुक फ्लॅट.’ यात कर्तव्य कुणाचं? करार 1 जूनला सुरू होण्यात चुकला तर आपण करारावर दावा लावणार का? ही वाक्यं नुसती वस्तुस्थिती ठरवतात, तिथे साधा वर्तमानकाळ पुरतो: करार 1 जूनपासून सुरू होतो, जागा म्हणजे अमुक फ्लॅट. करारलेखनावर अमेरिकेत नावाजलेलं पुस्तक लिहिणारे केनेथ अ‍ॅडम्स यांनी यासाठी एक सोपी कसोटी सांगितली आहे. ‘शॅल’च्या जागी ‘यांचं कर्तव्य आहे’ असं घालून पाहायचं. वाक्य टिकलं तर ‘शॅल’ ठेवायचं, विचित्र झालं तर काढायचं.

या कसोटीवर आणखी एक लबाड वाक्य पकडलं जातं. ‘द लायसेन्सर शॅल बी एन्टायटल्ड टु इन्स्पेक्ट’. दिसायला ‘शॅल’, प्रत्यक्षात मालकाला घर पाहायला येण्याची मुभा. ‘मालकाचं कर्तव्य आहे की त्याला हक्क असावा’, हे वाक्य काही उभं राहत नाही. तिथे सरळ ‘मे इन्स्पेक्ट’ लिहावं आणि खरं महत्त्वाचं काम करावं, म्हणजे त्या मुभेला कुंपण घालावं: आदल्या दिवशी कळवून, दिवसाउजेडी.

‘शॅल’ ज्याच्यावर टाकायचं तो माणूस वाक्यात हजर हवा. ‘द लायसन्स फी शॅल बी पेड’ यात पैसे भरले जावेत एवढंच कळतं. दोघांच्या करारात कुणी भरायचे हे उघड आहे, त्यामुळे इथे फारसं बिघडत नाही. पण ‘सोसायटीचे चार्जेस शॅल बी पेड’ किंवा ‘दुरुस्ती शॅल बी कॅरीड आउट’ आलं की वादाला तोंड फुटलंच. पावसाळ्यात छताला ओल आली, तर प्लंबर कुणी बोलवायचा? कर्ता वाक्याच्या सुरुवातीला आणला की प्रश्न सुटतो, आणि कधीकधी दोघांनी हे आपसात ठरवलंच नव्हतं हेही तेव्हाच उघड होतं.

कर्ता पुढे आणल्यावर एक गंमत दिसते. एखाद्या करारात लिहिलेलं असतं, ‘द सोसायटी शॅल प्रोव्हाइड पार्किंग’. सोसायटीने या करारावर सही केलेली नाही. दोघांनी मिळून तिसऱ्यावर कर्तव्य लादता येत नाही, मग कितीही जोरात ‘शॅल’ म्हणा. भाडेकरूला पार्किंग हवं असेल तर कर्तव्य मालकावर टाकावं लागतं: मालक सोसायटीकडून पार्किंगची लेखी परवानगी मिळवून देईल, आणि न मिळाल्यास भाड्यातून अमुक रक्कम कमी होईल. दुसरा भाग न लिहिता पहिला लिहिला तर नुकसान किती झालं हे सिद्ध करत बसावं लागतं.

आता ‘मस्ट’. अट आणि कर्तव्य यांतला फरक कागदावर केसाएवढा दिसतो, पैशांत मात्र तो मोठा असतो. यावरचा एक अमेरिकन खटला तिथे कायदा शिकणाऱ्यांना आवर्जून शिकवतात. 1973 साली नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या हॉवर्ड कुटुंबाच्या तंबाखूचं पावसाने नुकसान झालं. पिकाचा विमा केंद्र सरकारच्या पीकविमा महामंडळाकडे होता. त्यांनी नुकसान वेळेत कळवलं, हाती लागला तेवढा माल विकला, आणि जमिनीची धूप होऊ नये म्हणून राय पेरायला शेत नांगरून टाकलं. तोवर विम्याचा माणूस पाहणीला आला नव्हता. पॉलिसीत लिहिलं होतं की महामंडळाची पाहणी होईपर्यंत तंबाखूची धाटं नष्ट करू नयेत. शब्द होते ‘शॅल नॉट बी डिस्ट्रॉइड’. महामंडळाने दावा फेटाळला. आपल्याकडे पंचनाम्याची वाट बघत शेत तसंच ठेवलेल्या शेतकऱ्याला ही कोंडी वेगळी समजावून सांगायला नको.

खालच्या न्यायालयात शेतकरी हरले. 1976 साली अपील न्यायालयाने तो निकाल रद्द करून प्रकरण परत पाठवलं. न्यायालयाने पॉलिसीतली दोन कलमं शेजारी ठेवून पाहिली. एका कलमात, उत्पादन किती झालं आणि नुकसान कशामुळे झालं हे सिद्ध करणं ही भरपाईची पूर्वअट आहे, असं स्पष्ट म्हटलं होतं. धाटांच्या कलमात ‘अट’ हा शब्दच नव्हता, फक्त ‘शॅल नॉट’ होतं. म्हणजे ते शेतकऱ्यांनी दिलेलं वचन ठरलं. वचन मोडल्यामुळे महामंडळाचं काही नुकसान झालं असेल तर ते त्यांनी दाखवावं, पण तेवढ्यावरून सगळा विमाच बुडाला असं म्हणता येणार नाही. वाक्य दोन्ही बाजूंनी वाचता येत असेल तर हक्क बुडवणारा अर्थ न्यायालय सहसा टाळतं.

हाच फरक आपल्या अकरा महिन्यांच्या करारात नोटिशीच्या कलमात लपलेला असतो. समजा भाडं महिन्याला 25,000 रुपये, लॉक-इन सहा महिन्यांचं, त्यानंतर एक महिन्याची नोटीस. मसुद्यात नेहमीचं वाक्य असतं: सहा महिन्यांनंतर भाडेकरू ‘शॅल टर्मिनेट’, एक महिन्याची नोटीस देऊन. अक्षरशः वाचलं तर सहा महिने झाले की घर सोडणं हे भाडेकरूचं कर्तव्यच झालं! तिथे अर्थातच ‘मे टर्मिनेट’ हवं. पण नोटीस देणं हे कर्तव्य की अट, हे ठरवायचं राहतंच.

भाडेकरूने आठव्या महिन्यात नोटीस न देता अचानक घर सोडलं, किल्ल्या वॉचमनकडे ठेवल्या आणि गाव गाठलं असं धरू. नोटीस हे कर्तव्य असेल, म्हणजे ‘शॅल गिव्ह नोटीस’ असेल, तर करार संपला पण भाडेकरूने वचन मोडलं. मालकाचं नुकसान साधारण नोटिशीच्या महिन्याएवढं, म्हणजे फार तर 25,000 रुपये. पंधरा दिवसांत दुसरा भाडेकरू मिळाला असेल तर त्याहून कमी, कारण 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 73 च्या स्पष्टीकरणानुसार नुकसान मोजताना ते टाळण्याचे काय मार्ग हाताशी होते हेही बघावं लागतं.

नोटीस ही अट असेल, म्हणजे करार संपवण्यासाठी भाडेकरूने आधी नोटीस दिलीच पाहिजे असं असेल, तर चित्र पालटतं. अट पूर्ण झाली नाही, म्हणून करार संपलाच नाही. भाडेकरू गावी गेला तरी कागदावर भाडं चालू आहे, आणि मालक उरलेल्या महिन्यांचं भाडं मागू शकतो. त्याला ते सगळं मिळेल का हा पुढचा प्रश्न, पण त्याची बाजू पहिल्यापेक्षा कितीतरी भक्कम होते. या दोन वाचनांमधला फरक हजारो रुपयांचा आहे, आणि तो दोन क्रियापदांवर अवलंबून आहे.

भाडेकरूसाठी मसुदा बघत असेन तर मी इथे कर्तव्य मागेन, मालकासाठी बघत असेन तर अट. पण नुसत्या ‘मस्ट’वर मी विसंबून राहणार नाही. भारतात ‘मस्ट’ म्हणजे अट असा काही ठरलेला नियम नाही, आणि समोरचा वकील ‘मस्ट म्हणजेही कर्तव्यच’ असं म्हणू शकतो. तंबाखूच्या पॉलिसीत जे एका कलमात होतं आणि दुसऱ्यात नव्हतं, तेच करावं: परिणाम लिहून टाकावा. लेखी नोटीस न दिल्यास करार संपुष्टात येणार नाही आणि भाडं चालू राहील. किंवा, नोटीस न दिल्यास एका महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून वळतं होईल आणि त्यापलीकडे कुणाचं काही देणं राहणार नाही. दुसरं वाक्य दोघांनाही परवडतं असा माझा अनुभव आहे.

आता ज्यांना माझी वाटणी मान्य नाही त्यांच्याकडे येतो. सोप्या कायदेशीर भाषेचा आग्रह धरणाऱ्यांचं म्हणणं असं की ‘शॅल’ इतकं बाटलंय की ते टाकूनच द्यावं आणि प्रत्येक कर्तव्याला ‘मस्ट’ लिहावं. ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, कॅनडा इथे या मताचं वजन मोठं आहे. अमेरिकेत ब्रायन गार्नर यांनी ते लावून धरलं, आणि 2007 साली तिथल्या संघीय दिवाणी प्रक्रियेचे नियम नव्याने लिहिले गेले तेव्हा त्यांतून ‘शॅल’ जवळजवळ हद्दपार झालं. कायद्यांसाठी आणि नियमांसाठी मला हे पटतं. करारात मात्र कर्तव्य आणि अट अशा दोन वेगळ्या गोष्टी शेजारी-शेजारी येतात, आणि त्यांना दोन वेगळी क्रियापदं हाताशी असलेली बरी. कुणाला दोन्हीकडे ‘मस्ट’ लिहायचं असेल तर हरकत नाही, पण मग अट आहे तिथे ‘अट’ असं शब्दात म्हणावं. एकाच करारात तिसऱ्या कलमात ‘शॅल’ आणि सातव्यात त्याच अर्थाने ‘मस्ट’ हे मात्र नको. वाचणारा न्यायाधीश शब्द बदलला म्हणजे अर्थ बदलला, असं धरून चालतो.

आणि संगणकावर सगळी ‘शॅल’ एका फटक्यात ‘मस्ट’ करण्याचा मोह टाळावा. ‘शॅल बी एन्टायटल्ड’चं ‘मस्ट बी एन्टायटल्ड’ होतं, जी मुभा होती ती कुठलीच राहत नाही, आणि आधी निदान जुन्या सवयीचा आधार होता तोही जातो. शोधायला संगणक वापरावा, बदलायला डोकं.

‘मे’कडे येताना आधी त्याचं नकारार्थी रूप. ‘द लायसेन्सी मे नॉट पे सोसायटी चार्जेस’ या वाक्याचा अर्थ काय? भाडेकरूला चार्जेस भरायला मनाई आहे, की ते भरणं त्याच्यावर बंधनकारक नाही? दोन्ही अर्थ निघतात. मनाई असेल तर ‘शॅल नॉट’ लिहावं, सूट असेल तर ‘इज नॉट रिक्वायर्ड टु’. आवाजात लिहिणाऱ्याचा हेतू कळतो, कागदावर कळत नाही.

पण ‘मे’ने सर्वाधिक दमवलं आहे ते लवादाच्या कलमात. वेलिंग्टन असोसिएट्स विरुद्ध किरीट मेहता या 2000 सालच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे एक करार आला. त्याच्या चौथ्या कलमात, वाद झाल्यास दावा चालवण्याचा अधिकार फक्त मुंबईच्या न्यायालयांना असेल असं होतं. लगेच पाचव्यात, वाद लवादाकडे ‘मे बी रेफर्ड’ असं होतं. एका पक्षाने लवाद मागितला. न्यायालयाने तो दिला नाही. आधीच्या कलमात न्यायालयाचा मार्ग धरणाऱ्यांनी पुढच्यात ‘मे’ लिहिलं, म्हणजे त्यांना लवादाची सक्ती नको होती. वाद झाल्यावर दोघांची पुन्हा संमती लागेल, असा त्याचा अर्थ लागला. 2025 मध्ये ईस्टर्न कोलफील्ड्सच्या कंत्राटावरच्या प्रकरणातही ‘मे बी सॉट’ अशा शब्दांचा निकाल त्याच दिशेने लागला.

मग ‘शॅल’ लिहिलं की झालं? तेही नाही. जगदीश चंदर विरुद्ध रमेश चंदर, 2007. भागीदारीच्या करारात वाद लवादाकडे ‘शॅल बी रेफर्ड’ असं होतं, पण शेवटी शेपूट होती: पक्षांनी तसं ठरवल्यास. त्या शेपटीने ‘शॅल’ची सगळी ताकद काढून घेतली, आणि लवादाचा करार झालाच नव्हता असा निर्णय आला. क्रियापद तपासताना ‘तसं ठरल्यास’, ‘शक्यतो’, ‘योग्य वाटल्यास’ हे त्याच्यामागून येणारे पाहुणेही तपासावे लागतात.

इंग्रजी कायद्याच्या मुलखात मात्र तेच ‘मे’ वेगळं वागतं. अँझेन विरुद्ध हर्मिस वन या प्रकरणात, ब्रिटिश व्हर्जिन बेटांवरून आलेल्या अपिलात, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने 2016 साली ठरवलं की ‘कोणताही पक्ष वाद लवादाकडे नेऊ शकेल’ यातला ‘मे’ हा प्रत्येक पक्षाच्या हातातला पर्याय आहे. एकाने तो वापरला की दुसरा बांधला जातो, त्याची नवी संमती लागत नाही. म्हणून परदेशी कंपनीचा तयार मसुदा भारतात आणताना लवादाचं कलम जसंच्या तसं उचलू नये. दोघांपैकी कुणालाही लवाद मागता यावा असं हवं असेल तर ते पूर्ण वाक्यात लिहावं: एका पक्षाने लेखी मागणी केल्यावर वाद लवादाकडे जाईल, आणि दुसऱ्याच्या संमतीची गरज असणार नाही.

हे सगळं ऐकून आपल्या लिव्ह अँड लायसन्सच्या मसुद्यातलं लवादाचं ‘मे’ बदलून ‘शॅल’ करायला कुणी निघालं असेल, तर थांबावं. नटराज स्टुडिओज विरुद्ध नवरंग स्टुडिओज या 1981 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की मुंबईच्या भाडे कायद्याखालचे वाद लघुवाद न्यायालयापुढेच चालतील, करारात लवाद लिहिला असला तरी. ते प्रकरणही लिव्ह अँड लायसन्सच्या करारावरूनच उभं राहिलं होतं. आज लागू असलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 प्रमाणे मुदत संपूनही घर सोडलं नाही तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि तोवरच्या वापराची भरपाई ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने लागते. त्यामुळे घर रिकामं करून घेण्यापुरतं तरी या करारातलं लवादाचं कलम दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही, ते काढून टाकावं. त्याऐवजी तो वेळ डिपॉझिट परतीच्या वाक्यावर घालवावा: किल्ल्या ताब्यात मिळाल्यापासून सात दिवसांत, कोणती बिलं वजा करून, कोणत्या खात्यात मालक पैसे परत ‘शॅल रिफंड’. बदल अंगठा लावण्याआधीच करून घ्यावा. नोंदणी झाल्यावर कलम बदलायचं तर मालकाची सही पुन्हा लागते, आणि डिपॉझिट तोवर त्याच्या खात्यात गेलेलं असतं.